३० सेकंदांनी थांबणारं गाणं कुणी कापलेलं नसतं

"मंडळी, आपल्या मिरजेच्या मंडळाचा अभंग लिंकवर ३० सेकंदांत बंद पडतो. छोट्या कलाकारांनी पैसे भरले नाहीत म्हणून कंपन्या त्यांची गाणी कापतात, मोठ्यांची पूर्ण वाजवतात. कायद्याने ३० सेकंदच फुकट वाजवता येतात. त्यावर कंपनी कमावते, कलाकाराला काही मिळत नाही. यूट्यूबवर तोच अभंग पूर्ण वाजतो, मग इथे का नाही? पूर्ण ऐकायला खालची एपीके टाका आणि हा मेसेज सगळ्या ग्रुपवर पाठवा."

सांगली-मिरजेच्या भजनी मंडळांची रेकॉर्डिंग स्पॉटिफायसारख्या गाणी ऐकण्याच्या सेवांवर चढवून देण्याचं काम मी करतो, आणि हा मेसेज एका दिवसात चार ग्रुपवरून माझ्याकडे आला. तो पुढे पाठवणाऱ्यांचं मंडळावर प्रेम आहे, यात शंका नाही. पण मेसेजमुळे लोक त्या लिंकवर जायचेच थांबले, तर नुकसान मंडळाचंच होणार आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कापाकापीचं बघू. हा अभंग ४ मिनिटं ५२ सेकंदांचा आहे. गाणी सेवांपर्यंत पोचवणाऱ्या वितरकामार्फत तो सेवांकडे गेला तेव्हा तेवढाच होता आणि आजही तेवढाच आहे. प्रत्येक सेवेकडे एका गाण्याच्या दोन गोष्टी असतात: पूर्ण गाणं, आणि त्यातून वेगळा काढून ठेवलेला छोटा तुकडा. लिंक उघडली की सेवा आधी बघते, समोरचा माणूस आपल्याला माहीत आहे का. खातं असेल, लॉगिन असेल, त्याच्या योजनेत आणि त्याच्या देशात हे गाणं बसत असेल, तर पूर्ण गाणं मिळतं. समोर कोण आहे हेच कळलं नाही, तर तुकडा मिळतो.

व्हॉट्सअॅपवर नेमकं हेच घडतं. ज्याच्या फोनमध्ये त्या सेवेचं अॅप आणि त्यात लॉगिन आहे, त्याची लिंक थेट अॅपमध्ये उघडते आणि अभंग पूर्ण वाजतो. ज्याच्याकडे अॅप नाही, त्याची लिंक ब्राउझरमध्ये उघडते. तिथे लॉगिन नसतं, म्हणून ३० सेकंद. फेसबुक किंवा इन्स्टाग्राममधून लिंक दाबली तर पान बहुधा त्या अॅपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडतं. तुमच्या क्रोममधलं लॉगिन त्याला दिसत नाही, त्यामुळे खातं असलेल्या माणसालाही तुकडाच ऐकू येतो. एखाद्या वेबपानात बसवलेल्या प्लेअरचंही तसंच. सफारीसारखे ब्राउझर एका साइटच्या पानात दुसऱ्या साइटच्या कुकीज चालू देत नाहीत, म्हणून पानातल्या प्लेअरला तुमची ओळख पटत नाही. ग्रुपवर एकजण म्हणतो "माझ्याकडे पूर्ण वाजलं" आणि दुसरा म्हणतो "खोटं बोलतोस". दोघेही खरं बोलत असतात.

आता मोठ्यांची पूर्ण, छोट्यांची अर्धी, हा आरोप. हा तुम्ही स्वतः तपासू शकता. ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, म्हणजे कुठलंच लॉगिन राहणार नाही. त्याच सेवेवरची मंडळाची लिंक त्यात उघडा आणि पाठोपाठ मोठ्या कंपनीच्या गाजलेल्या चित्रपटगीताची लिंक उघडा. दोन्ही तुकडेच वाजतील. अॅपलचं तर सगळ्यांना दिसणारं शोधपान आहे. खालच्या पत्त्यात abhang च्या जागी हवं ते नाव इंग्रजी अक्षरांत टाका:

```
https://itunes.apple.com/search?term=abhang&country=IN&entity=song&limit=5
```

यातून साधा मजकूर येतो. कधी तो फाइल म्हणून उतरतो, मग ती नोटपॅडमध्ये उघडावी. प्रत्येक गाण्यासमोर trackTimeMillis हा आकडा असतो, म्हणजे गाण्याची पूर्ण लांबी मिलिसेकंदांत. आपल्या अभंगासारख्या ४ मिनिटं ५२ सेकंदांच्या गाण्यासमोर तो २,९२,००० च्या आसपास असेल. त्याच गाण्यासमोर previewUrl असतो, तो तुकड्याचा वेगळा पत्ता. अनोळखी गायकाचं गाणं शोधा, नाहीतर देशभर गाजलेलं शोधा, रचना तीच.

एक मात्र मान्य करायला हवं. एकाच शोधयादीत एक गाणं पूर्ण वाजतं आणि शेजारचं तुकड्यावर थांबतं, असं खरंच होतं. पण त्याचं कारण कलाकाराच्या मोठेपणात नसतं, त्या गाण्यावरच्या हक्कांच्या अटींत असतं. साउंडक्लाउडच्या तांत्रिक माहितीत प्रत्येक गाण्याला access नावाचा रकाना आहे आणि त्यात playable, preview किंवा blocked असं असतं: पूर्ण, तुकडा किंवा बंद. हक्कधारकाने एखादं गाणं फक्त पैसे भरणाऱ्या श्रोत्यांसाठी दिलं असेल, तर बाकीच्यांना preview मिळतं. अल्बम अजून प्रकाशित व्हायचा असेल, तर त्यातलं एखादंच गाणं पूर्ण खुलं असतं. आणि कधीकधी चढवणाऱ्यानेच जाहिरातीपुरती छोटी फाइल टाकलेली असते. हे ओळखायला गाण्याच्या पानावरची लांबी बघावी. पानावर ४:५२ लिहिलंय आणि प्लेअर ०:३० वर थांबतोय, तर तो सेवेचा तुकडा. पानावरच ०:३० लिहिलंय, तर फाइलच तेवढी आहे, आणि अॅप घेऊन किंवा पैसे भरूनही ती वाढणार नाही.

कायद्याबद्दल. आपल्या कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये ३० सेकंदांची सूट कुठेही नाही. कलम ५२ मध्ये खासगी वापर, समीक्षा, बातमी अशा कारणांसाठी रास्त वापराची मुभा आहे, पण तिथे सेकंद मोजलेले नाहीत. तुकडा वाजतो तो हक्कधारकाने सेवेला दिलेल्या परवानगीमुळे. त्याची लांबी हा व्यवहारातला ठराव आहे, आणि तो बदलूही शकतो. २०१० मध्ये अॅपलने अमेरिकेतल्या आयट्यून्स दुकानात अडीच मिनिटांपेक्षा लांब गाण्यांचे तुकडे ३० वरून ९० सेकंदांवर नेले. त्यासाठी कुणी कायदा बदलला नव्हता. आपल्याकडेही इंटरनेटवर गाणं ऐकवायला सेवेला हक्कधारकाशी करारच करावा लागतो. टिप्स ही संगीत कंपनी आणि विंक ही ऐकण्याची सेवा यांच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं, की हक्कधारकाशी करार न करता मिळणारा रेडिओ-टीव्हीसाठीचा वैधानिक परवाना या सेवांना लागू होत नाही. २०२२ मध्ये खंडपीठाने तेच कायम ठेवलं. म्हणून लग्नाच्या व्हिडिओत किंवा दुकानाच्या जाहिरातीत "३० सेकंदच तर वापरलं" हे कारण कुणी देऊ नये. ते टिकणार नाही.

पैशांबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. तुकडा ऐकल्याचे कलाकाराला पैसे मिळत नाहीत. स्पॉटिफाय तर गाणं किमान ३० सेकंद वाजल्यावरच एक स्ट्रीम मोजतं, आणि लॉगिनविना वाजलेला तुकडा त्यात धरत नाही. शिवाय तिथे २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाले नसतील, तर त्या ध्वनिमुद्रणाची रॉयल्टीच सुरू होत नाही. छोट्या मंडळांना खरा त्रास होतो तो या नियमाचा, आणि मला तो अन्यायकारक वाटतो. पण तो मेसेजमध्ये कुठेच नाही. ग्रुपवरच्या ४०० जणांनी ब्राउझरमध्ये तुकडा ऐकला, तर मंडळाच्या खात्यात शून्य. त्यातल्या चाळीस जणांनी अॅपमध्ये लॉगिन करून पूर्ण ऐकला, तर चाळीस. म्हणून लिंकखाली एवढं लिहा: "अॅपमध्ये उघडा, तिथे पूर्ण वाजेल."

यूट्यूबवर पूर्ण वाजतो, कारण तिथला करार वेगळा आहे. तिथे लॉगिन नसलेल्या माणसालाही जाहिराती दाखवून ऐकवायची परवानगी असते.

एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून टाकायची अॅपची फाइल, टाकू नका. पानावर आलेली तुकड्याची फाइल १२८ केबीपीएस दराची धरली तर ती सुमारे ४८० केबी भरते. पूर्ण अभंग त्याच दराने साडेचार एमबीच्या वर जाईल. उरलेली ४ मिनिटं २२ सेकंद तुमच्या फोनपर्यंत पोचलेलीच नसतात, त्यामुळे फोनमधलं कुठलंही अॅप तुकड्याला "उघडून" ती काढू शकत नाही. असं अॅप एक तर गाणं दुसरीकडून चोरून आणतं, नाहीतर तुमचाच पासवर्ड मागतं. आणि त्यातून ऐकलेल्या अभंगाचा एकही स्ट्रीम मंडळाच्या नावावर लागत नाही.

आता जे मंडळाच्या हातात आहे ते सांगतो, कारण त्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात: ती ३० सेकंद गाण्यातली कुठली असावीत? गाणं चढवताना बऱ्याच वितरकांच्या फॉर्ममध्ये तुकडा कुठून सुरू करायचा ही वेळ विचारलेली असते. ती रिकामी सोडली की सेवा स्वतः जागा ठरवते. तीन मिनिटांच्या चित्रपटगीतात याने फारसं बिघडत नाही. भजनात मात्र बिघडतं. या अभंगात सुरुवातीला नुसते टाळ-मृदंग आहेत, मग नामाचा गजर, मग संथ आलाप. पहिला चरण सुरू होतो तो १:१२ ला. मंडळाने वेळ रिकामी सोडली होती आणि तुकडा नेमका आलापात पडला. ऐकणाऱ्याला शब्दच ऐकू आले नाहीत, मग गाणं अर्धवट वाटणार नाही तर काय?

आम्ही पुन्हा ऐकून जागा शोधली. १:१२ पासून घेतलं तर पहिला चरण एकट्या बुवांच्या आवाजात येतो आणि कोरस उचलतो तिथेच तुकडा संपतो. १:२६ पासून घेतलं तर चरणाचा शेवट, मग सगळ्या मंडळाने उचललेलं ध्रुवपद, आणि १:५४ ला समेवर टाळ थांबतात. दोन सेकंद शिल्लक राहतात. आम्ही १:२६ ठरवली. तुकड्याच्या शेवटी आवाज हळू होत जातो, म्हणून महत्त्वाचा शब्द अगदी शेवटच्या सेकंदाला ठेवायचा नाही, हेही बघितलं.

ही वेळ सगळ्या सेवा पाळतातच असं नाही. काही आपली जागा आपणच ठरवतात. आणि आधीच प्रकाशित झालेल्या गाण्याची वेळ बदलायची तर वितरकाला माहिती नव्याने सगळीकडे पाठवावी लागते. तो बदल दिसायला काही दिवस जातात, त्यामुळे आषाढीसाठी गाणं चढवणार असाल तर फॉर्म भरतानाच ती वेळ लिहा.