"प्रोसेसमध्ये आहे" म्हणजे नेमकं कुठे आहे?

गेली अकरा वर्षं मी रिक्रूटर आहे. या काळात सगळ्यात जास्त वेळा टाइप केलेलं वाक्य कुठलं असेल, तर "तुमचं ऑफर लेटर प्रोसेसमध्ये आहे, एक-दोन दिवसांत कळवते." हे वाक्य खोटं नसतं, पण त्यातून समोरच्याला काहीही कळत नाही. आणि "एक-दोन दिवस" हा आकडा आम्ही कशावरून काढतो विचाराल, तर कशावरूनच नाही. तो तोंडाला येतो.

माझी ही सवय एका मुलीमुळे मोडली. तिला मी असंच तीन वेळा "दोन दिवसांत" म्हणाले होते. तिसऱ्यांदा ऐकल्यावर तिला वाटलं, आता झालंच असेल, आणि तिने चालू नोकरीचा राजीनामा दिला. लेटर आलं तेव्हा तिची नोटीस निम्मी सरली होती. ते न येण्याचीही शक्यता होती, हे तिला माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं. तिच्या राजीनाम्यापासून लेटर येईपर्यंतचे सतरा दिवस मला नीट झोप लागली नाही. तिला काय झालं असेल ते मी विचारलंच नाही, धाडस झालं नाही.

तेव्हापासून उशीर सांगायचा फोन मी वेगळ्या पद्धतीने करते. अलीकडचीच एक केस सांगते. म्हणजे तारीख कशी काढायची आणि कशी सांगायची हे कळेल, आणि एवढं करूनही काय होऊ शकतं तेही.

उमेदवाराची शेवटची फेरी मंगळवारी, ४ तारखेला झाली. सगळ्यांना आवडला. पगाराचा आकडा तोंडी ठरला आणि मी उत्साहाच्या भरात म्हणाले, "शुक्रवारपर्यंत लेटर मिळेल." गुरुवारी सकाळी सिस्टिम उघडली तर फाइल अडकलेली. ठरलेला आकडा त्या पदाच्या पगार-बँडच्या वरच्या टोकापेक्षा थोडा जास्त होता. बँडच्या आत असता, तर हायरिंग मॅनेजर, एचआर आणि बिझनेस हेड अशा तीन सह्यांत काम झालं असतं. बँड ओलांडला की अपवादाची मंजुरी लागते, म्हणजे मध्ये आणखी दोन माणसं येतात. आधी कॉम्पेन्सेशन टीम बघते की या आकड्यामुळे आधीपासून त्याच कामावर असलेल्यांशी तफावत पडते का. मग फायनान्स बघतं की या जागेसाठी धरलेल्या बजेटात हे बसतं का. सह्या एकामागून एकच होतात. आधीच्याची झाल्याशिवाय पुढच्याला फाइल दिसतसुद्धा नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं की कंपनीने मन बदललं किंवा दुसरा कोणी शोधतायत. तसं कधीकधी असतंही, खोटं कशाला बोलू. पण बहुतेक वेळा फाइल कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये न वाचलेल्या चाळीस मेलखाली पडलेली असते.

आता तारीख कशी काढली ते सांगते. पहिलं काम म्हणजे उरलेल्या सह्या मोजणं. दुसरं, त्या प्रत्येकाला स्वतः फोन करून "कधी बघाल?" हे विचारणं. सिस्टिममध्ये प्रत्येक पायरीला चोवीस तास लिहिलेले असतात. ते नियमापुरते, त्यावर तारीख बांधायची नाही. कॉम्पेन्सेशन टीमने दोन कामाचे दिवस मागितले, म्हणजे शुक्रवार आणि सोमवार, १० तारीख. फायनान्सच्या प्रमुख सोमवारपर्यंत रजेवर, आणि त्यांच्या जागी सही करायला कोणाला नेमलेलं नाही. (रजेवर जाताना सहीचा अधिकार कोणाकडे तरी देऊन जा, एवढी एक गोष्ट लोकांनी केली, तर माझं निम्मं काम संपेल.) मंगळवारी त्या परत येणार, पण पहिल्या दिवशी कोणी साचलेल्या फायली उपसत नाही. म्हणून त्यांना बुधवार-गुरुवार दिले, १३ तारीख. बिझनेस हेडला शुक्रवार, १४. मग शनिवार-रविवार. लेटर तयार करून त्यावर सही घ्यायला सोमवार, १७.

इथे थांबायचा मोह होतो. पण १७ ही सगळं सुरळीत झालं तरची तारीख आहे, आणि अपवादाची फाइल एकदा तरी प्रश्न घेऊन परत येते हा माझा अनुभव आहे. कोणीतरी विचारणारच, "एवढा आकडा कशाला?" त्याचं उत्तर लिहून फाइल पुन्हा वर पाठवायला दोन दिवस धरले. म्हणजे बुधवार, १९.

हायरिंग मॅनेजरला १९ सांगितली तर तो उखडला. "एवढी लांबची तारीख ऐकून जाईल ना तो! बारा सांग, पुढचं पुढे बघू." हे "पुढचं पुढे बघू" मीच पुढे निस्तरायचं असतं. बाराला लेटर आलं नाही की मग चौदा, मग सतरा. तिसऱ्या तारखेनंतर उमेदवार माझं काहीच खरं धरत नाही, आणि का धरावं? मी १९ वरच राहिले.

मग उमेदवाराला फोन केला. आधी फोन आणि त्यानंतर मेल, या क्रमाबद्दल मी हट्टी आहे. नुसत्या मेलमध्ये "उशीर" वाचलं की माणूस त्याचा अर्थ "नकार" असा लावतो. आणि नुसता फोन केला, तर संध्याकाळपर्यंत तारीख विसरलेली असते. फोन ठेवल्यावर पाठवलेला मेल असा होता:

"नमस्कार. शुक्रवारपर्यंत लेटर देईन असं मी म्हटलं होतं, ते होणार नाही. ती तारीख मी मंजुऱ्या न तपासता दिली, चूक माझी आहे. तुमची निवड झाली आहे. आपण बोललेला आकडा तसाच मंजुरीसाठी पाठवला आहे, पण त्यासाठी दोन जास्तीच्या सह्या लागतात. लेटर बुधवार, १९ तारखेपर्यंत येईल असा माझा अंदाज आहे. गुरुवारी, १३ तारखेला दुपारी मी तुम्हाला फोन करेन, काही घडलेलं असो वा नसो. आकड्यात बदल सुचवला गेला, तर तो लेटरमध्ये तुम्हाला दिसायच्या आधी माझ्याकडून कळेल. लेटर हातात येईपर्यंत कृपया राजीनामा देऊ नका. रुजू व्हायची तारीख लेटर मिळाल्यापासून तुमचा नोटीस पिरियड धरून ठरवू, त्यामुळे या उशिराचा भुर्दंड तुमच्यावर पडणार नाही."

यात काही गोष्टी मी मुद्दाम लिहिल्या नाहीत. पगाराचा आकडा नाही, कारण मंजुरीआधी लेखी आकडा दिला की तो वचन होऊन बसतो आणि तो पाळणं माझ्या हातात नसतं. कोणाची सही अडली आहे तेही नाही. उद्या त्याच बाईंसोबत त्याला बसून काम करायचं आहे. आणि "तुमची मागणी बँडच्या वर गेल्यामुळे" हे तर अजिबात नाही. ते खरं होतं, पण ऐकणाऱ्याला त्यात "थोडं कमी करा" असं ऐकू येतं. समजा त्याने घाबरून कमी केलंच, तर आकडा बदलला म्हणून आमच्या सिस्टिममध्ये सगळ्या सह्या पहिल्यापासून सुरू होतात. म्हणजे उशीर आणखी वाढला, आणि पगारही गेला.

रुजू व्हायची तारीख बदलली तरी तेच होतं, हे मला बरंच उशिरा कळलं. म्हणून आता ती लेटर तयार करायच्या वेळेलाच भरते.

फोनवर त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "मॅडम, माझ्याकडे दुसरी ऑफर आहे. त्यांना १२ तारखेला उत्तर द्यायचंय."

अशा वेळी रिक्रूटरच्या तोंडात एक वाक्य तयार असतं: "आमचं नक्की आहे हो, थांबा तुम्ही." मी ते गिळलं. "पाच सह्यांपैकी दोन झाल्यात, तीन बाकी आहेत. माझ्या अनुभवात इथवर आलेली फाइल सहसा होते, पण सही होईपर्यंत मला नक्की म्हणता येत नाही. तुम्ही त्यांच्याकडे २० तारखेपर्यंत मुदत मागून बघा. नाही दिली, तर माझ्या शब्दावर त्यांना नाही म्हणू नका."

मॅनेजर ऐकत असता, तर त्याने फोन हिसकावून घेतला असता.

मुदत मिळाली, पण १७ पर्यंतच. मी फायनान्समध्ये सांगून ठेवलं की एका उमेदवाराची १७ ला मुदत संपतेय. नुसतं "अर्जंट आहे" म्हटलं की लोक हसतात, अर्जंट सगळंच असतं. तारीख आणि कारण दिलं तर निदान फाइल वर तरी येते. ती आली वर. बुधवारी, १२ ला फाइल उघडली गेली आणि अपेक्षेप्रमाणे प्रश्न घेऊन परत आली: आधी या जागेवर असलेल्या माणसापेक्षा हा पगार जास्त का? मॅनेजरने उत्तर लिहायला दीड दिवस लावला. हो, त्याच मॅनेजरने, ज्याला बारा तारीख सांगायची होती.

१३ ला दुपारी कबूल केल्याप्रमाणे फोन केला. सांगण्यासारखं फारसं नव्हतं. एक सही झाली आहे, एक प्रश्न आलाय, १९ अजून तशीच आहे. दीड मिनिटाचा फोन.

१७ ला सकाळी त्याचाच फोन आला. तेव्हा फायनान्सची सही झाली होती, बिझनेस हेडची बाकी होती. "आज येईल का?" मी म्हटलं, "आज येणार नाही. उद्या संध्याकाळी येण्याची शक्यता बरी आहे, परवापर्यंत नक्की धरा." बराच वेळ तो काही बोलला नाही. मग "बरं, थँक यू," म्हणाला. संध्याकाळी मेल आला, त्याने तिकडे होकार कळवला होता.

लेटर १८ ला दुपारी साडेचारला तयार झालं. मी सिस्टिममध्ये ते रद्द केलं, आणि रद्द करण्याचं कारण निवडायच्या यादीत "आमच्याकडून उशीर" असा पर्यायच नाही, हे तेव्हा लक्षात आलं. "उमेदवाराने नाकारलं" निवडावं लागलं.

मॅनेजर अजून म्हणतो की बारा सांगितली असती तर तो थांबला असता. थांबला असता, मान्य. बाराला लेटर नसतं, सतरालाही नसतं, आणि ती दुसरी ऑफर सोडून तो माझ्या अंदाजावर बसला असता. माणूस मिळाला असता हे खरं, पण तसा मिळालेला माणूस मला नको आहे. यावर आमचं एकमत व्हायचं नाही.

एक मात्र त्याने ऐकलं. याच जागेसाठी आता दुसरी उमेदवार आहे, तिची अपेक्षाही बँडच्या वर आहे. या वेळी शेवटच्या फेरीची वाट न बघता अपवादाचा अर्ज आम्ही आधीच टाकलाय, आणि त्यातला "एवढा पगार कशाला" हा रकाना मॅनेजरने स्वतः भरलाय. फाइल सध्या फायनान्सकडे आहे. तिने काल विचारलं, तेव्हा २७ सांगितली.