बुटात माया नसते

आमच्या घराण्यात पोटऱ्या आजीकडून आल्या. आजी कोकणातल्या एका गावात रोज घाटी चढून पाणी आणायची, तेव्हा तिच्या पोटऱ्यांना निदान काही कारण तरी होते. टोरांटोत राहून, लिफ्टने नवव्या मजल्यावर चढणाऱ्या माझ्या पोटऱ्यांना असे कोणतेही कारण देता येत नाही, तरीही त्या तितक्याच भरदार आहेत. भारतात असताना या गोष्टीचा मला पत्ताच नव्हता, कारण साडी, सलवार आणि घेरदार कुर्ते या तिन्ही वस्तू पोटरीच्या बाबतीत अत्यंत उदार असतात. पोटरीला माप असते, ही बातमी मला पहिल्यांदा कळली ती टोरांटोतल्या तिसऱ्या हिवाळ्यात. रस्ता ओलांडताना पदपथाच्या कडेला साचलेल्या मीठमिश्रित बर्फाच्या चिखलात मी पाय घातला आणि तो चिखल माझ्या आखूड बुटात वरून शिरला, तेव्हा गुडघ्यापर्यंतचे चामडी बूट घ्यायचे असे मी ठरवले.

ऑनलाइन दुकानात ‘वाइड काफ’ असा स्वतंत्र विभाग पाहून मला फार बरे वाटले. साध्या बुटाच्या नळीचा घेर साधारण 35 ते 37 सेंटिमीटर असतो आणि ‘वाइड’ म्हणवणाऱ्या बुटांचा त्याहून काही सेंटिमीटर जास्त, एवढे मला वाचून समजले. त्या ‘वाइड’ला कोणताही ठरलेला आकडा नसतो आणि एका कारखान्याचे ‘वाइड’ दुसऱ्याच्या ‘साध्या’ला लाजवत नाही, हे मात्र पुढे समजले. मी सकाळी उठल्या उठल्या पलंगावर बसून, शिवणाच्या डब्यातल्या टेपने उजवी पोटरी मोजली. ती साडेबेचाळीस भरली. एका बुटाखाली ‘घेर 43’ असे लिहिलेले होते. अर्धा सेंटिमीटर शिल्लक राहत होता, म्हणजे हिशेब चोख होता. मी पैसे भरले.

बूट आले. पाऊल आत गेले, घोटा बसला, चेन वर सरकू लागली आणि नळीच्या दोनतृतीयांश उंचीवर येऊन थांबली. मी श्वास आत घेतला, जणू पोट आत घेतल्याने पोटरी बारीक होणार होती. नवऱ्याला हाक मारली. त्याने एका हाताने चेनच्या दोन्ही बाजू जवळ धरल्या, दुसऱ्या हाताने रनर ओढला आणि “हलू नकोस” असे सांगून माझी लोकरी लेगिंग त्यात अडकवली. आता चेन वर जाईना आणि खालीही येईना. त्याच वेळी आईचा व्हिडिओ कॉल आला. तिने सगळा प्रकार शांतपणे पाहिला आणि विचारले, “अगं, पण बूट पायात घालतात की पायावर शिवतात?” शेवटी चेनच्या दातांवर मेणबत्ती घासून, लेगिंगचा दोरा कात्रीने कापून, वीस मिनिटांनी माझी सुटका झाली.

त्या रात्री मी रागाने तो बूट टेबलावर आडवा घातला आणि पट्टी घेऊन त्याचे शवविच्छेदन केले. तेव्हा मला जे कळले, ते ‘घेर 43’ या चार अक्षरांत कुठेही लिहिलेले नव्हते.

पहिली गोष्ट अशी, की तो घेर नळीच्या अगदी वरच्या काठाचा होता. माझी पोटरी काठापाशी जाडी नसते. टाचेपासून मोजले तर ती 29 सेंटिमीटर उंचीवर सर्वांत भरदार असते आणि बुटाच्या आतल्या टाचेपासून वरच्या काठापर्यंतची उंची होती 38. म्हणजे माझा खरा प्रश्न काठाच्या नऊ सेंटिमीटर खाली उभा होता, आणि तिथपर्यंत येता येता ती नळी, घोट्याकडे उतरणाऱ्या प्रत्येक नळीप्रमाणे, अरुंद झालेली होती. आडव्या घातलेल्या बुटाची तिथली रुंदी 20 सेंटिमीटर भरली. दुप्पट केली, की घेर 40.

दुसरी गोष्ट अशी, की हा घेर बाहेरचा होता आणि पोटरी आत राहते. चामडे आणि अस्तर मिळून जाडी सुमारे अडीच मिलिमीटर होती. जाडी सगळीकडून आत घेते, म्हणून तिला दोनाने आणि मग 3.14 ने गुणायचे. उत्तर दीड सेंटिमीटरच्या थोडे वर येते. आतला घेर उरला साडेअडतीस. लोकरीचे अस्तर असते तर आणखी एक-दोन सेंटिमीटर गेले असते. शाळेत वर्तुळाचा परीघ शिकवणाऱ्या बाईंनी हे उदाहरण दिले असते, तर गणितात मी पुष्कळ पुढे गेले असते.

तिसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या मापाबद्दलची होती, आणि ती कबूल करणे जड गेले. पोटरी सकाळी, बसून आणि उघड्या त्वचेवर मोजली की ती आपल्याला खूश करणारे माप देते. दिवसभर उभे राहिल्यावर पाय थोडे सुजतात, उभे राहून वजन दिल्यावर स्नायू फुगतो आणि वर लेगिंगची जाडी येते. शिवाय आपणच वाकून मोजायला गेलो, की वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाते आणि टेप मागच्या बाजूला घसरून तिरपी होते. तिरपी टेप जास्त माप सांगते आणि घट्ट ओढलेली टेप कमी. म्हणून संध्याकाळी, जी लेगिंग घालायची तीच घालून, दोन्ही पायांवर सारखे उभे राहून, दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्यायचे. नवऱ्याने जमिनीवर पालथे झोपून, टेप सर्व बाजूंनी जमिनीला समांतर आहे की नाही हे पाहत, एखाद्या धरणाच्या भिंतीची पाहणी करावी तसे माझे माप घेतले. उजवी 44.1, डावी 43.2. दोन पायांत जवळजवळ एक सेंटिमीटरचा फरक निघाला. बूट जोडीने मिळतात, म्हणून हिशेबाला उजवीच धरायची.

आता 44.1 हवे होते आणि जागा होती 38.5 एवढीच. साडेपाच सेंटिमीटरची तूट होती. जाहिरातीत मात्र ‘ताणणारी इलास्टिक पट्टी’ असे शब्द होते, आणि मी त्यांच्यावर विसंबले होते. ती पट्टी खरोखरच होती, खरोखरच ताणत होती, पण वरच्या काठापासून आठ सेंटिमीटरच खाली उतरत होती. माझी पोटरी नवव्या सेंटिमीटरवर. पट्टी गुडघ्याखाली अत्यंत प्रेमाने ताणली जात होती, आणि एक बोट खाली निर्विकार चामडे होते.

चामडे नंतर सैल होईल, असा सल्ला मला बऱ्याच जणींनी दिला. मी बूट घेऊन जवळच्या एका म्हाताऱ्या मोच्याकडे गेले. त्याने नळीत हात घालून अस्तर चिमटीत धरले आणि सांगितले, की लाकडी साच्यावर चढवून तो एक सेंटिमीटर, फार तर दीड, वाढवून देऊ शकेल. कारण चामडे ऐकते, पण अस्तर कमी ऐकते आणि चेन मुळीच ऐकत नाही. कृत्रिम चामड्याचे बूट तो साच्यावर घेतच नव्हता, कारण ते ताणले की तडकतात किंवा सोडल्यावर पुन्हा मूळ जागी येतात. चेनशेजारची शिवण उसवून तिथे नवी पट्टी घालता येईल, पण मग बूट परत करता येणार नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले. मला आमचा दादरचा शिंपी आठवला. ब्लाउज आवळला तर तो म्हणायचा, “घाबरू नका ताई, आत दोन बोटे माया ठेवली आहे.” उसवायचे, सैल करायचे आणि दिवाळी साजरी करायची. बुटात शिवणीपाशी जेमतेम दोन-चार मिलिमीटर चामडे असते. त्यात माया नसते.

बूट गालिच्यावरच घातले होते, तळ स्वच्छ होता, म्हणून ते परत गेले. दुसरी जोडी मागवण्यापूर्वी मी दुकानाला तीन प्रश्न लिहून पाठवले: टाचेपासून 29 सेंटिमीटर उंचीवर बाहेरचा घेर किती, इलास्टिकची पट्टी कुठपासून कुठपर्यंत, आणि दिलेले माप कोणत्या नंबरच्या बुटाचे. तिसरा प्रश्न महत्त्वाचा होता. माप बहुधा एकाच नमुना नंबराचे दिलेले असते आणि पाऊल लहान झाले की नळीही थोडी अरुंद होते. माझे पाऊल लहान आणि पोटरी मोठी आहे. कारखानदाराच्या कल्पनेत अशी बाई जन्मालाच आलेली नाही. उत्तर नम्र होते आणि त्यात पट्टी ‘घोट्यापासून वरपर्यंत’ आहे, एवढेच होते.

ती जोडी आली तेव्हा मी ती पायात घालण्याआधी टेबलावर घातली. योग्य उंचीवर आतला घेर सैल स्थितीत साडेएकोणचाळीस आला. मग इलास्टिकची पट्टी दोन्ही हातांनी पूर्ण ओढून, नवऱ्याला तिच्यावर मोजपट्टी ठेवायला सांगून मोजले; घेर साडेपंचेचाळीस. म्हणजे एकूण ताण सहा सेंटिमीटरचा, आणि मला हवे होते त्यातले साडेचारच्या थोडे वर. चेन लागली. मी आनंदाने खुर्चीत बसले, गुडघा वाकवला आणि पोटरीला पट्टीने धरलेली मिठी जाणवू लागली. तासाभराने बूट काढला तेव्हा नडगीवर शिवणीची लाल रेघ उमटली होती आणि पट्टी पूर्वीपेक्षा थोडी ढिली पडली होती. इलास्टिक आपल्या ताकदीच्या तीनचतुर्थांश रोज ओढले, तर ते पायाला छळते आणि स्वतःही लवकर मरते. त्यातले अर्ध्याहून कमी खर्च व्हावे, असा माझा नियम तेव्हापासून झाला. तीही जोडी परत गेली.

तिसऱ्या जोडीचा आतला घेर त्या उंचीवर साडेबेचाळीस होता आणि पूर्ण ओढल्यावर 47. मला लागणारा ताण दीड सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे उपलब्ध ताणाचा तिसरा हिस्सा. पट्टी दहा वेळा ओढून सोडली, पुन्हा मोजली, तर सैल माप जिथल्या तिथे परत आले. चेन एका हाताने, न थांबता, वर गेली. आईला व्हिडिओवर तो प्रसंग दोनदा करून दाखवला. घोट्यापाशी मात्र नळी तीन सेंटिमीटर जास्त आहे, कारण वरून रुंद केलेला बूट खालीही रुंदच केला जातो. तिथे चामड्याच्या दोन चुण्या पडतात आणि मी चालते तेव्हा त्या थोड्या कुरकुरतात. जाड मोजे घालून मी त्यांच्याशी तडजोड केली आहे.

गेल्या आठवड्यात नाशिकच्या आतेबहिणीचा निरोप आला. ती नोव्हेंबरात इथे येते आहे, पोटऱ्या आमच्याच घराण्याच्या, आणि तिच्यासाठी मी आधीच बूट मागवून ठेवावेत अशी तिची इच्छा आहे. निरोपात फक्त एक आकडा होता: 41. मी तिला विचारले, की हे सकाळचे की संध्याकाळचे, उभे राहून की बसून, आणि टाचेपासून किती उंचीवर. निळ्या खुणा उमटल्या आहेत, पण तिचे उत्तर अजून आलेले नाही.