बटाटा, पालक आणि दुसऱ्यांदा दिलेली आच

“शिजवलेला बटाटा आणि पालक कधीही पुन्हा गरम करू नका. दुसऱ्यांदा गरम केल्यावर बटाट्यात सोलॅनिन आणि पालकात नायट्राइट हे विष तयार होते.”

सोलॅनिन हा पदार्थ खरा आहे आणि तो विषारीही आहे, पण तो तयार होतो कच्च्या, जिवंत बटाट्यात. बटाटा उजेडात राहिला, त्याला मार लागला किंवा कोंब फुटले की साल आणि डोळ्यांभोवती सोलॅनिन वाढते. साल हिरवी दिसणे आणि चवीला कडवटपणा येणे ही त्याची खूण होय. बटाटा शिजला की त्यातील जिवंत पेशी मरतात आणि सोलॅनिन घडवणारी यंत्रणाच थांबते, त्यामुळे शिजलेली भाजी कितीही वेळा गरम केली तरी त्यात नवे सोलॅनिन येण्याचा मार्ग उरत नाही. मात्र कच्च्या बटाट्यात आधीच असलेले सोलॅनिन उकळल्याने फारसे नष्टही होत नाही. म्हणून बटाटा थोडासाच हिरवा असेल तर तो भाग आणि कोंब खोलवर कापून काढावेत, आणि तो बराच हिरवा किंवा कडू असेल तर सरळ टाकून द्यावा. हे सगळे पहिल्यांदा चिरतानाच करायचे असते.

शिजलेल्या बटाट्याचा खरा धोका मातीतून येणाऱ्या जिवाणूंचा आहे. बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू साध्या उकळीत टिकून राहतात. समजा, मे महिन्यात रात्री नऊ वाजता कढईत बटाट्याची भाजी झाली आणि कढई झाकून तशीच ओट्यावर राहिली. भाजी कोमट होताच बीजाणू रुजतात, रात्रभरात जिवाणूंची संख्या भरमसाट वाढते, आणि त्यांच्यातील काही प्रकार सीरुलाइड नावाचे विष भाजीत सोडतात. सकाळी सात वाजता भाजीला दणकून वाफ आणली तर जिवाणू मरतील, पण सीरुलाइड शाबूत राहील, कारण ते १२१ अंश सेल्सियसलाही टिकते. मग खाल्ल्यापासून अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत उलट्या सुरू होतात आणि दोष गरम करण्यावर येतो, कारण डोळ्यांसमोर घडलेली शेवटची गोष्ट तीच असते. भाजीला वास येत नाही, चवही फारशी बदललेली नसते, त्यामुळे हुंगून निर्णय घेता येत नाही. तीच भाजी पसरट ताटात काढून निववली असती आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत, उन्हाळ्याच्या कडक उष्म्यात एका तासातच, फ्रिजमध्ये गेली असती, तर सकाळी ती निर्धास्तपणे गरम करून खाता आली असती.

याहून ठळक उदाहरण अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या एल पासो शहराचे आहे. १९९४ साली तेथील एका ग्रीक उपाहारगृहात अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून भाजलेले बटाटे अनेक दिवस फ्रिजबाहेर ठेवले गेले आणि मग त्यांचे चाटण बनवले गेले. ३० जणांना बोटुलिझम ही स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा झाली. बोटुलिनम विष सोडणाऱ्या जिवाणूच्या, भाजताना टिकून राहिलेल्या बीजाणूंना फॉइलच्या आत हवेविना, दमट आणि फारशी आंबट नसलेली जागा मिळाली होती. विशेष म्हणजे हे बोटुलिनम विष ८५ अंशांवर पाच मिनिटांत निकामी होते, म्हणजे इथे नीट दिलेली आच विष घडवणारी नव्हे, तर ते नष्ट करणारी ठरते. अर्थात बाहेर राहिलेला बटाटा गरम करून वाचवावा असा याचा अर्थ नाही, कारण सीरुलाइडवर तो उपाय चालत नाही.

पालकाबाबतच्या दाव्यात अर्धे तथ्य आहे. पालकात निसर्गतःच नायट्रेट भरपूर असते आणि त्याचे नायट्राइट होऊ शकते, पण हा बदल घडवून आणतात जिवाणूंची विकरे, आच नव्हे. पातळ भाजी तासन्‌तास कोमट राहिली की जिवाणूंना त्यासाठी अवसर मिळतो. फ्रिजमध्ये, पाच अंशांच्या खाली, हे काम अगदी मंदावते. नायट्राइटपासून नायट्रोसामाइन हे कर्करोगाशी जोडले जाणारे पदार्थ बनायला प्रथिनांतून येणारी अमाइने आणि आम्लता लागते, नुसती फोडणीची आच त्याला पुरेशी नसते.

निरोगी मोठ्या माणसाने वेळेत फ्रिजमध्ये ठेवलेली पालकाची भाजी दुसऱ्या दिवशी एकदा वाफ येईपर्यंत गरम करून खाण्यात भीती नाही. तान्ह्या बाळांचे मात्र वेगळे आहे, आणि इथे मी कोणतीही सूट देणार नाही. नायट्राइटमुळे रक्तातील हिमोग्लोबिनचे मेथेमोग्लोबिन होते, ते प्राणवायू वाहू शकत नाही, आणि ते पूर्ववत करणारे विकर बाळांत पुरेसे नसते. १९६० च्या दशकात जर्मनीत साठवलेली पालकाची पेज भरवलेली काही बाळे अशीच निळी पडली होती. वरचे खाणे सुरू झालेल्या बाळासाठी पालक ताजा शिजवून लगेच भरवावा, आणि उरलेला वाटीभर मोठ्यांनी त्याच वेळी संपवावा. बाळाचे ओठ किंवा नखे निळसर दिसली तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.