अंग बाहेर आलेली गाय आणि साखरेचा मेसेज

«गाय व्याल्यावर अंग बाहेर आलं तर घाबरू नका आणि डॉक्टरला पैसे घालू नका. गाईला आधी उभी करून चालवा. चिकटलेली जार ओढून काढा. अंगावर किलोभर साखर चोळा, मुठीने आत ढकला, वरून दोरीने घट्ट बांधा. सकाळपर्यंत गाय ठीक. पण अशी गाय पुढच्या वेताला पुन्हा अंग टाकतेच, म्हणून म्हसाच्या बाजारात काढून टाका. आजोबांपासूनचा उपाय आहे, सगळ्या शेतकरी ग्रुपला पाठवा.»

हा मेसेज या पावसाळ्यात मला तीन वेळा आला. एकदा तर पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या गोठ्यात गाय आठ दिवसांत विणार होती. ठाणे जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी नोकरी गेली, बरीचशी मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत. अंग आत घालणं हे डॉक्टरचं काम. माझं काम बादल्या, चादर आणि टॉर्च सांभाळणं. त्यामुळे डॉक्टर पोचायच्या आधी लोक काय करून ठेवतात ते मी जवळून पाहिलंय. मेसेजमधली एकच गोष्ट अर्धी खरी आहे, ती साखरेची. तिच्याकडे येतो, पण मेसेज ज्याबद्दल बोलतच नाही, तिथून सुरुवात करावी लागेल.

बाहेर आलंय ते नक्की काय आहे? आपल्याकडे «अंग» हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. गाभण गाय शेवटच्या महिन्या-दोन महिन्यांत बसली की मागून गुलाबी, गुळगुळीत गोळा दिसतो, संत्र्याएवढा किंवा नारळाएवढा. गाय उभी राहिली की बऱ्याचदा तो आत जातो. तो योनीचा भाग. डॉक्टरला दाखवायचाच, पण रात्रीच पळापळ करायची गरज सहसा नसते. दुसरी गोष्ट जार. व्याल्यावर करडी-लाल, पातळ, दोऱ्यांसारखी लोंबणारी पडदी दिसते. ती हलकी असते, गाईबरोबर हलते.

तिसरं म्हणजे गर्भाशय, आणि ते एकदा पाहिलं की विसरत नाही. मोजा उलटा काढावा तसं ते आतलं बाहेर होऊन येतं. लालभडक, जड पिशवी, उभ्या गाईच्या मागच्या ढोपरापर्यंत लोंबते. तिच्यावर लिंबाएवढ्या, काही बटाट्याएवढ्या गाठी असतात, सगळ्या मिळून शंभराच्या आसपास. जार याच गाठींना चिकटलेली असते. म्हणून ओळख साधी ठेवा: विऊन काही तास झालेत, पिशवी मोठी आहे आणि तिच्यावर गाठी आहेत, तर ते गर्भाशय. बहुतेक वेळा हे व्याल्याच्या दिवशीच होतं, कारण नंतर गर्भाशयाचं तोंड आवळत जातं.

आता गाईला उभी करून चालवण्याबद्दल. मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच.

सरळगावच्या बाजूला एका घरी ऑगस्टच्या रात्री जर्सी संकरित गाय व्याली. तिसरं वेत, वासरू मोठं. तिघांनी पाय धरून ओढून काढलं, ते वाचलं. तासाभराने गाय कळा द्यायला लागली आणि बसल्या जागी पिशवी बाहेर आली. जोर लावून ओढलेलं वासरू, त्याने थकून सैल पडलेलं गर्भाशय आणि व्याल्यावर रक्तात कमी झालेलं कॅल्शियम, अशी कारणं एकावर एक येतात. त्या गाईचे कान गार होते, मान एका कुशीकडे वळलेली, हाका मारल्या तरी ढिम्म. हा दुग्धज्वराचा, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घटल्याचा रंग. घरच्यांनी मेसेजसारखंच केलं, शेपटी पिरगाळून उठवायला निघाले. ती अर्धवट उठली आणि परत बसली. तेवढ्यात पिशवी शेणाच्या नालीवर घासली गेली.

त्या पिशवीचं वजन गर्भाशयाला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्यांवर लटकत असतं. उठताना, चालताना, धडपडताना हिसका बसतो. त्यातली एखादी धमनी आत फाटली तर बाहेर रक्ताचा थेंबही दिसत नाही. गाय थरथरते, श्वास वाढतो, हिरड्या आणि पापणीच्या आतला भाग पांढरा पडतो आणि ती थोड्या वेळात जाते. मागाहून लोक म्हणतात, «डॉक्टरने हात लावला आणि मेली.» चालवलं कोणी होतं, ते कोणी सांगत नाही.

म्हणून बसलेली गाय बसलेलीच राहू द्या. ती छातीवर बसलेली हवी. पूर्ण कुशीवर आडवी पडली तर पोट फुगतं, तेव्हा बाजूला पेंढ्याच्या गुंड्यांचा टेकू द्या. आमच्या भागात गोठ्याची जमीन मागे नालीकडे उतरती असते, म्हणजे वजन आणखी बाहेर ढकललं जातं. मागच्या भागाखाली पेंढा भरून तो थोडा उंच करा. उभी असेल तर बसवायची घाईही करू नका. दावं आखूड बांधा, आणि दोन माणसांनी धुतलेली ओली चादर झोळीसारखी धरून पिशवी योनीच्या उंचीवर उचलून ठेवा. हात भरून येतात, म्हणून माणसं बदलत राहा. कुत्री, कोंबड्या, दुसरी गुरं लांब ठेवा. वासरू बाजूला घ्या आणि त्याच्यापुरता थोडाच चीक काढून पाजा. या वेळी कास पूर्ण रिकामी केली तर कॅल्शियम आणखी ओढलं जातं.

सरळगावच्या त्या घरात मी फोनवर एवढंच करायला सांगितलं आणि पिशवी झाकायला लावली. उकळून कोमट केलेलं पाणी, लिटरला चहाचा दीड सपाट चमचा मीठ. तांब्याने हळू ओतत शेण, पेंढा, माती धुऊन टाकायची. घासायचं नाही, ब्रश नाही, साबण नाही. मग पिशवीखाली धुतलेली चादर सरकवायची आणि वरून त्याच पाण्यात भिजवलेलं सुती कापड घालायचं. दर दहा-पंधरा मिनिटांनी त्यावर थोडं पाणी शिंपडायचं. ऊतक वाळलं की चिरतं आणि आत घालताना फाटतं. खताच्या गोणीवर पिशवी ठेवू नका, कितीही झटकली तरी खत उरतंच. फिनाईल, हळद, राख, तुरटी, कशाचाही लेप नको. बसलेल्या गाईच्या घशात गूळपाणी किंवा बाटलीतलं कॅल्शियमही ओतू नका. दुग्धज्वरात गिळण्याची ताकद कमी होते आणि ओतलेलं फुप्फुसात जातं.

जारेचं. ती सुटून नुसती लोंबत असेल तर डॉक्टर काढतील. चिकटलेली ओढली की गाठीच उपटतात आणि प्रत्येक गाठ रक्ताने भरलेली असते. कात्रीने कापायचीही नाही. आहे तशी धुऊन झाका. आणखी एक गोष्ट मेसेजात नाही, पण गोठ्यात होते: जार पडावी म्हणून घरात ठेवलेलं ऑक्सिटोसिन टोचतात. त्याने बाहेर असलेलं गर्भाशय आवळून कडक होतं आणि आत घालणं अवघड होतं. डॉक्टरही ते देतात, पण आत बसवून झाल्यावर.

साखर. ती सूज उतरवते हे खरं. सुजलेल्या ऊतकातलं पाणी साखर बाहेर ओढते, पिशवी लहान आणि मऊ होते. डॉक्टरही कधी कधी वापरतात. पण ते पिशवी धुऊन, फाटलेली नाही हे बघून, आत घालायच्या जरा आधी. तुमच्या हातात ती आली की घासली जाते आणि दाण्यांनी वरचा पापुद्रा खरवडतो. डॉक्टरला यायला दोन तास असतील तर तेवढा वेळ मुंग्या आणि माश्याही येतात. डबा बाहेर काढून ठेवा, ते मागतील तर द्या. माझ्या मते घरच्या माणसाचा साखरेशी एवढाच संबंध.

ढकलणं आणि बांधणं मी एकत्र घेतो, कारण चूक एकच आहे. बाहेर राहिलेलं गर्भाशय ओल्या पुठ्ठ्यासारखं होतं. मुठीने, बोटांनी दाबलं की भोक पडतं. शिवाय पिशवीच्या आत कधी आतडं, कधी लघवीने भरलेलं मूत्राशय उतरलेलं असतं. त्या रात्री डॉक्टर दोन तासांनी आले तेव्हा त्यांनी आधी शिरेतून सावकाश कॅल्शियम दिलं. मग शेपटीच्या मुळाशी भूल दिली, म्हणजे गाय कळा द्यायची थांबली. तिला छातीवर ठेवून मागचे दोन्ही पाय बेडकासारखे मागे ओढून घेतले. आम्ही चादरीने पिशवी उचलून धरली. डॉक्टरांनी तळहाताने, योनीजवळच्या भागापासून सुरू करून थोडं थोडं आत सरकवलं. सगळ्यात जास्त वेळ शेवटी गेला. गर्भाशयाचे दोन फाटे असतात, त्यांना शिंगं म्हणतात; त्यांची टोकं आतून पूर्ण सरळ होईपर्यंत त्यांनी हात काढला नाही.

दोरी काय करते ते इथे कळतं. टोक आत दुमडलेलंच राहिलं तर गाय कळा देत राहते आणि सगळं परत बाहेर येऊ पाहतं. बाहेरून आवळलं की ते फक्त दिसेनासं होतं, आत सुजतं, रक्त अडतं, लघवीही अडते. सकाळी मालक म्हणतो गाय ठीक आहे, फक्त उठत नाही. डॉक्टर कधी टाके घालतात, पण टाक्यांनी गर्भाशय थांबत नाही. ते नीट सरळ बसलं म्हणून थांबतं.

फोनवर डॉक्टरला सांगायचं ते असं: विऊन किती वेळ झाला, गाय बसली आहे की उभी, कान गार आहेत का, हिरड्यांचा रंग कसा आहे, जार चिकटली आहे का, कुठे फाटलंय का. यावरून ते काय सामान घ्यायचं आणि किती घाई करायची ते ठरवतात. पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे. तालुक्याच्या डॉक्टरांचा नंबर मात्र गाय विण्याआधीच भिंतीवर लिहिलेला असावा, पावसात आमच्याकडे रेंज शोधण्यातच वेळ जातो.

राहिलं बाजारात काढणं. वारंवार येतं ते योनीचं अंग. अशी गाय पुढच्या वेताला पुन्हा त्रास देते हे बऱ्याच अंशी खरं आहे. गर्भाशय बाहेर येणं मात्र त्या एका विण्याचा अपघात असतो. वेळेत आणि फार न दुखावता आत गेलं तर पुढच्या वेळी ते बहुतेक होत नाही. गाभण राहायला उशीर लागू शकतो, गर्भाशयाला जंतुसंसर्ग झाला तर जास्तच. सरळगावची गाय तिसऱ्या भरणीला गाभण राहिली. पुढच्या वेताला मालकाने विण्याआधीच डॉक्टरांना कळवलं होतं, गोठ्यात दोन धुतलेल्या चादरी घडी करून ठेवल्या होत्या आणि वासरू ओढायला शेजाऱ्यांना बोलावलं नव्हतं. गाय स्वतःच व्याली. चादरी मालकिणीने दुसऱ्या दिवशी घरात परत नेल्या.