थाळी वाजवून कान तपासता येत नाहीत, आणि तीन वर्षं थांबायचं तर मुळीच नाही

"मूल दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही म्हणून घाबरू नका!! मुलगे उशिराच बोलतात. आइनस्टाइनसुद्धा चार वर्षांपर्यंत बोलला नव्हता. मागून थाळी वाजवा, वळला तर कान चांगले. जिभेला रोज मधात वेखंड उगाळून लावा. तीन वर्षं थांबा. डॉक्टरकडे नेलंत तर ऑटिझमचा शिक्का मारतील आणि थेरपीच्या नावाने लाखो रुपये काढतील. प्रत्येक आईपर्यंत पोचवा."

काल हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर परत आला. पहिल्यांदा मार्चमध्ये आला होता, तेव्हा मी उघडलाच नाही, रोज इतके येतात. पण भांडुपला माझ्या चुलत वहिनीने उघडला, काकूने तो मोठ्याने वाचून दाखवला आणि घरात ठरलं की थांबूया. बाळ तेव्हा 19 महिन्यांचं होतं. जुलैमध्ये एका बारशाला भेट झाली तेव्हा मी त्याला नीट बघितलं, आणि गेल्या आठवड्यात त्याची बेरा, म्हणजे कानाची यंत्रावरची तपासणी, झाली. दोन्ही कानांना मध्यम बहिरेपणा. चार महिने या मेसेजने खाल्ले. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, दिवसभर लहान मुलांचे कानच तपासते, आणि माझ्याच घरात हे झालं, म्हणून आता गप्प बसणार नाही.

आधी थाळीचं, कारण आमच्याकडे घात तिनेच केला. काकूने ती मला करूनसुद्धा दाखवली. पोरगं चटईवर गाड्या खेळत होतं, काकू मागून आली, स्टीलच्या थाळीवर कालथा मारला, पोरगं लगेच वळलं. "बघ, चांगलं ऐकू येतं त्याला." काकू, त्याला थाळी ऐकू येते, त्याबद्दल वाद नाही. जवळून मारलेल्या थाळीचा आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे सहज जातो. आपण घरात साध्या आवाजात बोलतो ते साठच्या आसपास, आणि त्यातसुद्धा सगळी अक्षरं सारख्या जोराची नसतात. आ, ओ, म, ब ठळक असतात, पण स, श, फ, त हे फार हलके आणि बारीक आवाज. याला पन्नास-पंचावन्नच्या खालचं काही पोचतच नाही आणि बारीक आवाजांना तर त्याहून जास्त अडचण. म्हणजे कुकरची शिट्टी कळते, दार आपटलेलं कळतं, ट्रेनचा भोंगा कळतो, "बाबा" कळतं, पण "चप्पल कुठेय" यातलं अर्धं गळून जातं, त्यातून पंखा चालू, टीव्ही चालू, बाहेर रिक्षा. असं मूल बहिरं वाटतच नाही, ते फक्त "लक्ष देत नाही" असं वाटतं. शिवाय मागून माणूस आला की लादी हलते, सावली पडते, त्यानेसुद्धा मूल वळतं.

मी काय केलं ते सांगते. ही तपासणी नव्हे, यातून फक्त संशय येतो, कान ठीक आहे असं यावरून कुणी ठरवू नका. तो गाडीत रमेपर्यंत थांबले, त्याला दिसणार नाही अशी तीन फुटांवर बसले आणि हळू "स्स्स" केलं. काही नाही. मग "शूऽऽ". काही नाही. मग नेहमीच्या आवाजात नाव घेतलं, तरी नाही. आवाज चढवून घेतलं तेव्हा वळला. नंतर वहिनीला म्हटलं, त्याला चप्पल आणायला सांग. तिने दाराकडे हात केला आणि म्हणाली "चप्पल आण", तो पळत जाऊन घेऊन आला. आता हात मांडीवर ठेव, बघूसुद्धा नकोस तिकडे, आणि सांग "बॉल आण". तो तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. वहिनीचा चेहराच उतरला. "ताई, मला वाटायचं त्याला सगळं समजतं." दोष तिचा नाही. आपण सगळेच मुलांशी बोलताना हात करतो, आणि मूल हुशार असलं की शब्दाशिवायसुद्धा हातावरून बरोबर ओळखतं.

एक गोष्ट मात्र त्याची पक्की होती, तो बोट दाखवत होता. खिडकीतला कावळा दाखवायचा, मग आईकडे बघायचा, तिने बघितलं का म्हणून. गाडी आणून हातात द्यायचा. म्हणून माझा संशय आधी कानाकडे गेला. जे मूल दीड वर्षाचं झालं तरी असं दाखवायला बोट करत नाही, हाक मारली तरी बघत नाही, काही हवं असलं की आपलाच हात धरून फ्रिजपाशी नेतं, तिथे ऑटिझमचीसुद्धा तपासणी लागते. पण तिथेही कान आधी तपासायचे, ही पायरी सुटत नाही.

मुलग्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, मान्य करते. सरासरी बघितली तर मुली थोड्या आधी बोलतात, पण हा फरक एखाद-दोन महिन्यांचा, वर्षाचा नाही. आणि दोन वर्षांना कमी बोलणारी बरीच मुलं पुढे आपणहून गाडीवर येतात हेही खरंय. फक्त ती कोणती, ते त्या वेळी घरी बसून सांगता येत नाही. शिवाय बोलण्यात खरी अडचण असणाऱ्यांमध्येसुद्धा मुलगेच जास्त असतात, म्हणजे मुलगा आहे म्हणून उलट लवकर दाखवायला हवं.

आइनस्टाइनचं फार बोलत नाही. त्याने 1954 मध्ये स्वतः पत्रात लिहिलंय की मी उशिरा बोलायला लागलो म्हणून आईवडिलांना काळजी वाटली आणि त्यांनी डॉक्टरांना विचारलं. त्याच्या आईबापांनी विचारलं, आपण का नाही विचारायचं?

वेखंड बंद करा, आजच. वेखंड झोंबतं म्हणून लाळ सुटते आणि लोकांना वाटतं जीभ सुटली. जे मूल पोळी चावतं, ओठावरचं श्रीखंड चाटतं, त्याच्या जिभेला काही झालेलं नाही, शब्द कानातून आत गेला नाही तर जीभ काय करणार. वेखंडात असॅरोन नावाचं द्रव्य असतं, उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने गाठी झाल्या म्हणून अमेरिकेत 1968 पासून ते खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी आहे. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर बोटानेसुद्धा चाटवायचा नाही, त्यातून बॉट्युलिझम नावाचं गंभीर दुखणं होऊ शकतं.

आता तीन वर्षांचा आकडा. अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी आणि तिथली बालरोगतज्ज्ञांची संघटना यांनी फेब्रुवारी 2022 मध्ये वाढीच्या टप्प्यांची यादी बदलली. आधीचे टप्पे साधारण निम्म्या मुलांना जमतील असे होते, त्यामुळे मूल मागे पडलं तरी "बघूया अजून" म्हणायला सगळ्यांना मोकळीक मिळायची. आता टप्पा तोच धरलाय जो त्या वयाच्या किमान 75 टक्के मुलांना जमतो. म्हणजे तो चुकला तर तेवढ्यावरच विचारायचं. त्या यादीत दीड वर्षाला आई-बाबा सोडून तीन तरी शब्द म्हणायचा प्रयत्न, दाखवण्यासाठी बोट, आणि हात न करता सांगितलेलं एक काम. दोन वर्षांना दोन शब्द जोडून, "अजून दूध" असं. आमच्याकडे दीड वर्षाचंच हुकलं होतं, तपासायचं ते मार्चमध्येच. आणि येत असलेले शब्द किंवा टाटा करणं, हसून बघणं गेलं, तर कुठल्याही वयात त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. मुंबईत घरी मराठी, खाली हिंदी, प्लेस्कूलमध्ये इंग्रजी, त्याने उशीर होतो असंही ऐकायला मिळतं. नाही होत. शब्द मोजताना तिन्ही भाषांतले मिळून मोजा, बस.

शिक्का आणि लाखो रुपये, हे वाचून तर अंगाची आग झाली, कारण यालाच घाबरून लोक येत नाहीत. तपासणी कशी होते ते ऐका. बाळाच्या डॉक्टरांना नुसतं "बोलत नाही" सांगू नका, कारण लसीच्या दिवशी मूल रडत असतं आणि पाच मिनिटांत त्यांना काही दिसत नाही. मोबाइलवर दोन-दोन मिनिटांचे तीन व्हिडिओ न्या, एकटं खेळताना, जेवताना आणि नावाने हाक मारताना. मग कान-नाक-घसा. मळ आहे का, पडद्यामागे पाणी साचलंय का, कारण सारखी सर्दी असणाऱ्या मुलांत नुसत्या त्या पाण्यानेसुद्धा ऐकू कमी येतं आणि त्यावर उपाय आहे. मग ओएई, म्हणजे आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का ते बघणारी छोटी तपासणी, आणि बेरा. जन्मानंतरची ओएई "पास" होती म्हणून बेरा टाळू नका, काही बहिरेपणा नंतर येतो.

बेरात दुखत नाही. कपाळावर आणि कानामागे चिकटपट्टीसारखे इलेक्ट्रोड लावतात, कानात टकटक आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काय पोचलं ते यंत्रावर उमटतं. फक्त मूल गाढ झोपलेलं लागतं. याला आदल्या रात्री उशिरा झोपवला, पहाटे पाचला उठवला, भांडुपहून येताना ट्रेनमध्ये वहिनीने त्याला एक डुलकी लागू दिली नाही, आणि तिथे दूध पाजून झोपवला. पाऊण तासात झालं. ट्रेनमध्ये झोपलं की दिवस फुकट जातो, मग झोपेचं औषध लागतं, ते फक्त डॉक्टर समोर असताना. एक विचारून घ्या, की नुसती क्लिकची, म्हणजे त्या टकटक आवाजाची, बेरा केली का वेगवेगळ्या पट्टीतल्या आवाजांची. नुसत्या क्लिकने कानाची सगळी पट्टी कळत नाही आणि ऐकण्याचं मशीन नीट लावायला ती लागते.

ठिकाणं म्हणाल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, तिथे कानाबरोबर लहान मुलांच्या बाकीच्या अडचणींचंही केंद्र आहे. सायन, केईएम, नायर ही पालिकेची हॉस्पिटलं आहेत, परळला वाडिया आहे, आणि विकासाच्याच तपासण्या करणारी उम्मीद ही संस्था आहे. यात लाखो रुपये कुठे आले? उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर कानाचं मशीनसुद्धा केंद्राच्या एडिप योजनेतून मिळतं.

कानाचं झालं की विकासाची तपासणी. अडीच वर्षांपर्यंत आपल्याकडे डीएएसआयआय वापरतात, भारतीय बाळांवरच बसवलेली. ठोकळे, कप, घंटी देऊन मूल काय करतं ते बघतात, आईला शंभर प्रश्न विचारतात, आणि हालचाल व समज यांचे वेगवेगळे आकडे काढतात. तासभर सहज जातो. दहा मिनिटांत बघून कुणी ऑटिझम म्हणालं, किंवा दहा मिनिटांत काही नाही म्हणालं, तर दोन्ही वेळा दुसरीकडे दाखवा. आणि थेरपी सुरू करायला नाव ठरायची वाट बघावी लागत नाही, मागे आहे एवढं दिसलं तरी पुरतं.

आमच्या पोराची डीएएसआयआय बुधवारी आहे, कानाचे साचे घेऊन झालेत, मशीन पुढच्या आठवड्यात. तारीख महिना-दोन महिन्यांनी मिळाली तरी घेऊन ठेवा. तोवर टीव्ही बंद करून, त्याच्या तोंडासमोर, हाताच्या अंतरावर बसून बोला. काकूला मी हेच सांगितलंय, आणि ती आता रोज दुपारी त्याच्यासमोर बसून भाजी निवडते, एक शेंग दाखवते, "शेंग" म्हणते, आणि तो ओठांकडे बघेपर्यंत पुढची उचलत नाही.