हजेरीचा स्क्रीनशॉट मॅडमना कसा पाठवावा

75 टक्क्यांपेक्षा कमी हजेरी असलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागली की रात्री साडेअकराला मॅडमना व्हॉट्सअ‍ॅप करायचं असतं, हे आता कुणाला शिकवायला नको. तरी काही होतकरू मुलं अजूनही संध्याकाळी सातलाच मेसेज टाकून मोकळी होतात. तसं करू नका. सातला मॅडम सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसलेल्या असतात, दुसरा उद्योग नसतो, चटकन उत्तर देऊन टाकतात आणि विषय संपतो. साडेअकराला त्या कपाळाला झंडू बाम लावून नुकत्याच आडव्या झालेल्या असतात. त्या वेळी आलेल्या स्क्रीनशॉटकडे किती मन लावून बघितलं जातं, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

गेल्या गुरुवारी मला असाच एक आला. सेकंड इयर मेकॅनिकल. मी त्या वर्गातल्या वीस मुलांची जीएफएम आहे, म्हणजे मुलगा कॉलेजला आला नाही तरी पालकांचा फोन माझ्याकडेच येतो. स्क्रीनशॉटखाली एकच ओळ होती, ‘मॅम किती लागतील?’ पुढे दोन हात जोडलेले. ही झाली आदर्श सुरुवात. किती म्हणजे काय, लेक्चर की टक्के की दिवस, हे मॅडमनी ओळखायचं.

स्क्रीनशॉट कापून पाठवावा. कापताना विषयाचं नाव राहू द्यावं, बसलेली लेक्चर राहू द्यावीत, टक्के राहू द्यावेत, आणि एकूण किती लेक्चर झाली तो रकाना तेवढा उडवावा. मॅडमना कोडी सोडवायला आवडतात. थर्मोच्या ओळीत 20 दिसतात आणि पुढे 52.63, तर 20 ला 0.5263 ने भागायचं, 38 येतात, झाला हिशोब पुरा. खरं सांगायचं तर हा टक्क्यांचा रकाना मोठ्या कामाचा आहे. फोनने लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोटो काढला की 3 कोणता आणि 8 कोणता कळत नाही, तेव्हा भागाकार करून टक्के जुळतात का बघायचं. जुळले नाहीत तर आकडा चुकीचा वाचला. ही युक्ती फक्त 100 टक्क्यांच्या ओळीला चालत नाही, कारण तिथे 8 पैकी 8 आणि 3 पैकी 3 सारखेच दिसतात.

तारीख अजिबात दिसू देऊ नये.

यादी लांब असेल तर दोन स्क्रीनशॉट काढावेत, आणि पहिल्यातली शेवटची ओळ दुसऱ्यातही आली पाहिजे, म्हणजे एक विषय दोनदा धरला जातो.

आता मुख्य गोष्ट. स्क्रीनशॉट पाठवून गप्प बसू नका, स्वतःही हिशोब करा. आमच्या या चिरंजीवांनी केला होता. गणित-3 मध्ये 40 पैकी 22, म्हणजे 55 टक्के. थर्मो 38 पैकी 20. सॉलिड मेकॅनिक्स 36 पैकी 21, म्हणजे 58.33. मटेरियल्स 30 पैकी 18, म्हणजे 60. आणि तीन प्रॅक्टिकल, प्रत्येकी 8 पैकी 8. प्रॅक्टिकलला सगळे हजर असतात, कारण गैरहजर राहिलं की जर्नलवर सही मिळत नाही. तर या सात ओळींचे सात टक्के त्याने एकाखाली एक मांडले, बेरीज केली, सातने भागलं आणि उत्तर आलं 75.14. मग रात्री 11:52 ला पुढचा मेसेज: ‘मॅम माझे तर 75.14 होतायत, लिस्टमध्ये नाव चुकून आलंय.’

चुकून! मी उठून बसले. दिवा लावला. नवरा म्हणाला, काय झालं, मी म्हटलं झोप तू.

अहो, गणिताची 40 लेक्चर झाली आणि मटेरियल्सची प्रॅक्टिकल 8 झाली. टक्क्यांची सरासरी काढताना तुम्ही त्या 40 ला आणि या 8 ला एकच किंमत दिलीत. मग काय, तीन 100 बसले की बाकीचे चार कितीही खड्ड्यात असले तरी वर येणारच. मंडईत 40 रुपये किलोचे चार किलो कांदे घेतले आणि 200 रुपये किलोचा पाव किलो लसूण घेतला, तर सरासरी भाव 120 म्हणून तुम्ही भाजीवालीला सव्वाचार किलोचे 510 रुपये देता का? ती घेईल हो आनंदाने, खरे 210च झालेत म्हणून. हजेरीत टक्के बेरजेला घ्यायचेच नाहीत. आधी सगळी बसलेली लेक्चर: 22, 20, 21, 18 आणि प्रॅक्टिकलची 24, झाली 105. मग सगळी झालेली: 40, 38, 36, 30 आणि 24, झाली 168. 105 भागिले 168. साडेबासष्ट टक्के. इथे 75.14 कुठून आणणार? आणि हा मुलगा सध्या माझ्याकडेच लाप्लास ट्रान्सफॉर्म शिकतो. म्हणजे शिकतो असं लिस्ट म्हणत नाही, पण ते असू दे.

हे कळवल्यावर दहा मिनिटं शांतता. मग: ‘ओके मॅम, मग 168 चे 75% = 126, म्हणजे अजून 21 ना? बसतो मी.’

ही दुसरी पायरीही प्रत्येकाने गाळू नये अशीच आहे. 21 लेक्चर तुम्ही बसणार आणि तोवर कॉलेजमध्ये नवीन लेक्चर होणारच नाहीत, शिक्षक तुमची वाट बघत खडू धरून थांबणार, अशी ही श्रद्धा. तुम्ही बसता ती 21 लेक्चर एकूणातही वाढतात. 126 भागिले 189 करा. 66.67 येतात.

सोपं आहे हे. 75 टक्के म्हणजे चारांत तीन. एक दांडी मारली की ती भरून काढायला तीन हजेऱ्या लागतात. (कुठे 80 ची अट असेल तर एका दांडीला चार.) याच्या दांड्या 168 वजा 105, म्हणजे 63. त्याच्या तिप्पट 189. हातात आहेत 105. राहिल्या 84. किंवा एका ओळीत, झालेल्यांची तिप्पट वजा बसलेल्यांची चौपट:

```
3 × 168 − 4 × 105 = 84
```

ताळा करायचा असेल तर 105 अधिक 84 म्हणजे 189, 168 अधिक 84 म्हणजे 252, आणि 189 भागिले 252 बरोब्बर 75. उत्तर उणे आलं तर तेवढं जास्त आहे, त्याला तीनने भागा, तितकी लेक्चर बुडवायला मोकळे. वर्गातल्या एका मुलीचं 180 पैकी 150 होतं, उणे 60 आले, म्हणजे ती अजून 20 बुडवू शकते. ती बुडवणार नाही. असल्या पोरी कधी मेसेजही करत नाहीत.

ओडी, म्हणजे कॉलेजच्या कामासाठी बुडालेली लेक्चर, हा शब्द मेसेजमध्ये जमेल तितक्या वेळा घालावा. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी, त्याचे 7 ओडी. मात्र हे 7 कसे धरतात ते ऑफिसात विचारू नये. हजेरीत मिळवले तर 112 भागिले 168, 66.67. एकूणातून वगळले तर 105 भागिले 161, 65.22. दोन्हीकडून लिस्टमध्येच.

मेडिकल सर्टिफिकेट आणावं, शिक्का वाळायच्या आत.

आणि सर्वात परिणामकारक उपाय शेवटी वापरावा: बाबा. शुक्रवारी सकाळी पावणेनऊला बाबांचा फोन. “मॅडम, तो रोज साडेसातला घरातून निघतो हो, कात्रजहून बस बदलून येतो बिचारा.” निघतो, मान्य. साडेसातला निघालेला मुलगा सव्वाआठला वर्गात नसतो आणि अकराला कँटीनमध्ये वडापाव खाताना दिसतो, हे बसच्या अंगावर घालून कसं चालेल? पावसाळ्यात सिंहगड, जुलै-ऑगस्टमध्ये ढोल पथकाचा सराव. सराव संध्याकाळी असतो, मला माहीत आहे, माझा भाऊ पथकात आहे. पण खांदे सकाळी दुखतात. “काहीतरी अ‍ॅडजस्ट करा ना मॅडम, 84 म्हणजे फार नाही.”

फार नाही. आठवड्याला टाइमटेबलवर 17 तास आहेत. 84 ला पाच आठवडे लागतात. टर्म संपायला आठवडे उरलेत दोन. दोन आठवड्यांची 34, तीही एक न चुकवता बसला तर 139 भागिले 202, म्हणजे 68.81. याच्या वर जाणारच नाही. किती लागतील याच्या आधी किती उरलीत हे विचारायचं असतं. लागणारी उरलेल्यांपेक्षा जास्त असतील तर तो प्रश्न बसून सुटत नाही, मग अर्ज, एचओडी, असाइनमेंट, जे काय असेल ते.

बरं, मी आधी सांगितलं नव्हतं का? गणपती उठले त्या आठवड्यात मी ग्रुपवर शीट टाकली होती. तेव्हा तुझे 96 पैकी 60 होते. तेव्हाही साडेबासष्टच टक्के! पण तेव्हा लागत होती 48, आणि उरली होती 106. आरामात झालं असतं. टक्के तेच राहिले आणि लागणारी लेक्चर 48 वरून 84 झाली, कारण तू त्यानंतरही त्याच चालीने येत राहिलास, आठांत पाच, आठांत पाच. तू त्या शीटवर अंगठा दिला होतास. निळ्या टिका दिसतात मला.

आणि आता सगळ्यांनाच सांगते, कारण त्या मेसेजनंतर अकरा जणांचे आलेत. तुम्ही इंजिनीअर व्हायला आलायत. तुमच्या हातात त्याच फोनवर कॅल्क्युलेटर आहे, ज्या फोनवरून तुम्ही मला आकडे पाठवता. दोन बेरजा आणि एक भागाकार, तो रात्री बारा वाजता मी करायचा? सहा महिने वर्गात यायचं नाही आणि मग माझ्याशी पॉइंट चौदासाठी वाद घालायचा? वर लिस्टच चुकीची म्हणायचं? लाज वाटू द्या थोडी. माझे वडील आजारी होते, मी ससूनमधून येऊन सव्वाआठचं लेक्चर घेतलंय, समोर नऊ मुलं होती. त्या नवांत तू नव्हतास.

अर्ज सोमवारी दोनच्या आत माझ्या टेबलवर, बाबांच्या सहीचा, खऱ्या सहीचा. सव्वाआठला गणित आहे, आधी तिथे ये. आणि तो स्क्रीनशॉट आता पुन्हा पाठवू नकोस, माझ्याकडे चार वेळा आलाय.