काका, श्रीखंडाचा डबा आणि नरसाळं

परवाचा राग अजून गेलेला नाहीये. आमच्या लॅबच्या काउंटरवर एक पेठेतले काका आले, पिशवीतून श्रीखंडाचा डबा काढला आणि म्हणाले, "घ्या, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेलं, एकदम फ्रेश."

आत काकूंच्या शौचाचं सँपल. त्यांना स्टिरॉइड सुरू करायचेत आणि रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढल्यात, म्हणून डॉक्टरांनी आधी स्ट्राँगिलॉइडिस बघायला सांगितलेला. हा जंत आतल्या आत वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि स्टिरॉइड मिळाले की बेफाम वाढतो, थेट जिवावर बेततं.

"काका, फ्रिजमधलं चालत नाही. अळ्या जिवंत लागतात."
"म्हणजे अळ्या आहेत?"
"तेच बघायचंय."
"मग नसतील तर मेल्या काय नि जगल्या काय!"

आता यावर काय बोलायचं! तरी सांगितलं, की नरसाळ्याच्या खाली रबरी नळी, नळीला चिमटा, वर जाळी, जाळीवर गॉज आणि त्यावर साधारण दहा ग्रॅम ताजं सँपल, मग चाळीस अंशांच्या आसपासचं कोमट पाणी इतकंच भरायचं की ते सँपलला खालून टेकेल. उबेमुळे अळ्या आपणहून पाण्यात उतरतात, पण वर पोहता येत नसल्यामुळे नळीत तळाशी साचतात. दोनेक तासांनी चिमटा सोडून थोडं पाणी घ्यायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, खालचा गाळ मायक्रोस्कोपखाली. सगळं काम अळीनं स्वतः करायचंय, गारठलेली अळी जागची हलत नाही, आणि आम्ही बिनधास्त 'आढळल्या नाहीत' लिहून मोकळे.

"म्हणजे दोन तास नुसतं पाणीच ठेवणार ना? मग पैसे कसले?"

बेअरमन नावाच्या डॉक्टरनं 1917 साली मातीतल्या अळ्या काढायला हे शोधलं, त्याला कुणी रेट विचारला नसेल.

"मायक्रोवेव्हमध्ये फिरवून आणू का?"
"नको!!"

खरा राग काकांवर नाहीच. चिठ्ठीवर नुसतं 'स्टूल' लिहितात, कशात आणा, किती वेळात आणा, कोणी सांगत नाही. साध्या स्लाइडवर चिमूटभरच जातं, अळ्या मोजक्या आणि त्याही रोज पडतीलच असं नाही, म्हणून एक निगेटिव्ह आला तरी परत सँपल मागायचं आणि शिव्या आम्ही खायच्या. दिवसभर पडून राहिलेलं आणलं तर त्यात हुकवर्म या दुसऱ्याच जंताची अंडी फुटून अळ्या तयार, मग तोंडाची नळी आखूड की लांब हे बघत डोळे फोडायचे.

आज काका ताजं घेऊन आले. गाळात एक वळवळत होती, तोंडाची नळी आखूड, पोटापाशी जननांगाचा ठळक ठिपका. स्ट्राँगिलॉइडिसच. डॉक्टरांना लगेच फोन केला, स्टिरॉइडच्या आधी जंतावरचं औषध, आयव्हरमेक्टिन.

काकांनी रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "फोटो मिळेल का? सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचाय."